चुनखडीचा ताळेबंद

अकबर बादशहाच्या दरबाराचा कारभार कसा चाले याची बारीकसारीक टिपणे अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’त करून ठेवली आहेत, आणि त्यांत आबदारखान्याच्या, म्हणजे बादशहाच्या पिण्याच्या पाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या खात्याच्या वर्णनात, पाणी गार करण्याची एक कृती सांगितली आहे. धातूच्या सुरईत शेरभर पाणी भरून तिचे तोंड बंद करावे, दुसऱ्या एका भांड्यात पाच शेर पाणी घेऊन त्यात अडीच शेर सोरा टाकावा, आणि त्या मिश्रणात ती सुरई पाव तासभर फिरवीत राहावे, एवढीच ती कृती. जो सोरा बंदुकीच्या दारूत पडला असता आगीचा लोळ उठवतो, तोच पाण्यात पडला असता पाणी गार करतो, या गोष्टीचे कौतुक खुद्द अबुल फज्ललाही वाटले होते. परंतु या कौतुकाच्या पोटात रसायनशास्त्रातला एक अत्यंत मूलभूत प्रश्न दडून बसलेला आहे, हे लक्षात येण्यास पुढे तीनशे वर्षे जावी लागली.

प्रश्न असा की, सोरा पाण्यात विरघळतो तेव्हा त्याच्यावर कोणी बळजबरी केलेली नसते. आपण तो नुसता पाण्यात सोडतो आणि तो आपखुशीने विरतो. मात्र विरताना त्याला उष्णता लागते, आणि ती तो सभोवतालच्या पाण्यापासून, सुरईपासून, हात बुडवल्यास आपल्या हातापासूनही काढून घेतो. ज्या वाचकाला सोऱ्याची खटपट नको असेल त्याने कल्हईवाल्याकडचा नवसागर आणून मूठभर पेलाभर पाण्यात ढवळून पाहावा. पेल्याची बाहेरची बाजू क्षणार्धात गार लागते. आता, जे कार्य घडताना ऊर्जा खर्ची पडते ते कार्य आपण होऊन का घडावे? दगड डोंगरावरून खाली गडगडतो तो ऊर्जा गमावीत गडगडतो. मग सोऱ्याने जणू डोंगर चढण्याचा हा उलटा उद्योग कोणाच्या हुकुमावरून करावा?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातील विद्वानांची समजूत नेमकी या डोंगरावरच्या दगडासारखी होती. कोपनहेगनच्या युलियस थॉमसनने 1854च्या सुमारास, आणि पुढे पॅरिसच्या मार्सलँ बर्थेलोने अधिक आग्रहाने, असे प्रतिपादन केले की, ज्या रासायनिक क्रियेत उष्णता बाहेर पडते तीच आपण होऊन घडते, आणि जितकी उष्णता अधिक तितकी त्या द्रव्यांची परस्परांविषयीची ओढ अधिक. हा सिद्धांत सर्वस्वी चुकीचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण नित्याच्या व्यवहारातील बहुतेक क्रिया, म्हणजे लाकडाचे जळणे, लोखंडाचे गंजणे, आम्ल आणि अल्कली यांचे मीलन, याच मार्गाने जातात. आणि या दोघांनी असंख्य क्रियांच्या उष्णता परिश्रमपूर्वक मोजून ठेवल्या, त्या मापनांवाचून पुढचे शास्त्र उभे राहिले नसते. परंतु सोऱ्याचे काय, नवसागराचे काय, या शंकेला त्यांच्यापाशी समाधानकारक उत्तर नव्हते, आणि एका बाजूने असंख्य साक्षीदार उभे केले तरी दुसऱ्या बाजूचा एक सच्चा साक्षीदार दावा उलटवू शकतो, हा न्यायालयाप्रमाणेच शास्त्राचाही रिवाज आहे.

स्थिर दाबाखाली घडणाऱ्या क्रियेत जी उष्णता आत घेतली किंवा बाहेर टाकली जाते, तिला द्रव्याच्या एन्थाल्पीतील फरक म्हणतात आणि तो ΔH या चिन्हाने दाखवतात. उष्णता आत घेतली तर हा फरक धन, बाहेर टाकली तर ऋण. थॉमसन आणि बर्थेलो यांनी ताळेबंदाची ही एक बाजू जाणली होती. दुसऱ्या बाजूला नाव दिले ते रूडॉल्फ क्लॉसियस या जर्मन शास्त्रज्ञाने, 1865 साली, आणि ते नाव एन्ट्रॉपी.

एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, असे हल्ली सर्रास शिकवले जाते, आणि वर्गातल्या पडद्यावर दाखवल्या जाणाऱ्या स्लाइडांवर तर पसरलेल्या खोलीचे चित्र हटकून असते. माझ्या मते या चित्राने जितके समजते त्याहून अधिक बिघडते, कारण खोलीतल्या पुस्तकांचा आणि कपड्यांचा पसारा हा आपल्या दृष्टीचा प्रश्न आहे, रेणूंना पसाऱ्याची लाजही नाही आणि हौसही नाही. एन्ट्रॉपी हे मोजदादीचे माप आहे: एखाद्या द्रव्यातील कण आणि त्यांच्यातली ऊर्जा, बाहेरून द्रव्य जसेच्या तसे दिसत असताना, आतल्या आत किती निरनिराळ्या प्रकारांनी मांडली जाऊ शकते याचे ते माप. स्फटिकातला कण आपल्या जागी बसल्या बसल्या थरथरतो, म्हणून त्याच्या मांडण्या थोड्या. वायूतला कण साऱ्या भांड्याचा मालक असतो, म्हणून त्याच्या मांडण्या अगणित. आणि ज्या अवस्थेच्या मांडण्या अधिक, त्या अवस्थेत वस्तू सापडण्याचा संभव अधिक, इतकी साधी ही गोष्ट आहे. तिच्यात कोणतीही गूढ प्रेरणा नाही.

क्लॉसियसने या मापाचा दुसरा, अधिक व्यवहारोपयोगी चेहराही दाखवून दिला होता. एखाद्या वस्तूला उष्णता दिली की तिची एन्ट्रॉपी वाढते, आणि ती किती वाढते हे पाहण्यासाठी दिलेल्या उष्णतेला त्या वस्तूच्या निरपेक्ष तापमानाने भागावे लागते. येथे हा भागाकार का यावा, हे नीट उमजले नाही तर पुढचे सारे प्रकरण पोपटपंची होऊन बसते. वैशाखात कोरड्या पडलेल्या हौदात घागरभर पाणी ओतले तर तळ ओला होतो आणि सारे घर ते पाहायला येते. तीच घागर श्रावणात दुथडी वाहणाऱ्या नदीत रिकामी केली तर नदीला त्याचा पत्ताही लागत नाही. थंड वस्तू म्हणजे तो हौद, आणि तप्त वस्तू म्हणजे ती नदी. उष्णता तितकीच, परंतु जेथे आधीच कणांची खळबळ मोठी आहे तेथे तिने पडणारा फरक अल्प.

आता निवाड्याचा कायदा सांगता येतो, आणि तो एकच आहे: जी घटना घडल्याने द्रव्याची आणि त्याच्या आसमंताची मिळून एकूण एन्ट्रॉपी वाढते, ती घटना आपण होऊन घडू शकते, जिने एकूण एन्ट्रॉपी घटते ती घडत नाही. सोरा विरघळताना आसमंताची उष्णता काढून घेतो, म्हणून आसमंताच्या खात्यात तोटा पडतो. परंतु स्फटिकात बंदिस्त असलेले त्याचे कण पाण्यात मोकाट सुटतात, म्हणून त्याच्या स्वतःच्या खात्यात नफा पडतो, आणि जोवर हा नफा त्या तोट्याहून मोठा आहे तोवर विरघळणे चालू राहते. द्रावण दाट होत जाते तसा नफा कमी कमी होत जातो, आणि जेथे दोन्ही रकमा बरोबर भरतात तेथे व्यवहार थांबतो. यालाच आपण संपृक्त द्रावण म्हणतो. आबदारखान्यातल्या प्रमाणाने पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा, म्हणजे शंभर ग्रॅम पाण्यास पन्नास ग्रॅम पडतो, आणि 20 अंश सेल्सिअसला शंभर ग्रॅम पाणी जेमतेम 32 ग्रॅम सोरा विरघळवू शकते. तेव्हा बादशहाच्या भांड्याच्या तळाशी बराचसा सोरा तसाच पडून राहत असला पाहिजे. तापमान वाढवले तर मात्र आसमंताचा तोटा, भागाकाराच्या नियमानुसार, हलका होतो, आणि म्हणूनच उकळत्या पाण्यात तितक्याच पाण्याला सुमारे 245 ग्रॅम सोरा पचतो. सोरा शुद्ध करणारे कारागीर गरम पाण्यात तो विरघळवून मग ते निववीत, ते याच फरकाच्या बळावर.

प्रत्येक क्रियेसाठी दोन खाती लिहिणे आणि त्यांपैकी एक विश्वाच्या नावे असणे, ही गोष्ट रसायनतज्ज्ञाला अडचणीची होती. त्याला आपल्या परीक्षानळीपुरता हिशेब हवा होता. ती सोय करून दिली जोसायाह विलर्ड गिब्जने. हा अमेरिकेतल्या न्यू हेवन गावी येल विद्यापीठात 1871 साली गणिती भौतिकीचा प्राध्यापक झाला आणि पहिली नऊ वर्षे त्याने बिनपगारी काम केले. त्याच बिनपगारी काळात, 1875 ते 1878च्या दरम्यान, कनेक्टिकटच्या एका विद्वत्सभेच्या नियतकालिकात त्याने आपला तो प्रसिद्ध प्रदीर्घ निबंध हप्त्याहप्त्याने छापला, जो त्या वेळी फार थोड्यांनी वाचला आणि त्याहून थोड्यांना समजला. गिब्जची युक्ती पाहिली तर अगदी साधी दिसते. आसमंताच्या एन्ट्रॉपीतला फरक म्हणजे क्रियेने बाहेर टाकलेली उष्णता भागिले तापमान, म्हणजेच −ΔH/T. हा द्रव्याच्या स्वतःच्या ΔS या फरकात मिळवला की एकूण फरक आला. आणि त्या साऱ्या बेरजेला −T ने गुणले की उरते ते असे:

ΔG = ΔH − TΔS

हा ΔG म्हणजे मुक्त ऊर्जेतला फरक. तो ऋण असेल तर क्रिया आपण होऊन पुढे जाऊ शकते, धन असेल तर उलट दिशेने, आणि शून्य असेल तर समतोल. विश्वाचे खाते सूत्रातून नाहीसे झाल्यासारखे दिसते, परंतु ते ΔH च्या रूपाने आतच बसले आहे, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो विद्यार्थी ‘ऊर्जा कमी होऊ पाहते आणि एन्ट्रॉपी वाढू पाहते, आणि त्या दोघींचे भांडण लागते’ असे काहीबाही लिहून येतो. भांडण मुळी नाहीच. वाढायची आहे ती एकच गोष्ट, एकूण एन्ट्रॉपी. या सूत्रात T चे काम हुंडणावळीच्या दराचे आहे. दोन पेठांची नाणी भिन्न असली म्हणजे सराफ जसा दर लावून एका नाण्याची रक्कम दुसऱ्यात फिरवतो, तसे एन्ट्रॉपीचे नाणे उष्णतेच्या नाण्यात फिरवायचे तर तापमानाचा दर लावावा लागतो. दर हलका तर एन्ट्रॉपीच्या मोठ्या रकमेलाही किंमत येत नाही, दर चढा तर लहान रक्कमही भारी ठरते.

स्लाइडांवर यानंतर चार घरांचा एक तक्ता येतो: ΔH ऋण व ΔS धन, ΔH धन व ΔS ऋण, आणि उरलेल्या दोन जोड्या. तक्ता बरोबर आहे, परंतु त्यात आकडे नसतात, आणि आकड्यांवाचून ताळेबंद कसला? म्हणून एकच क्रिया घेऊन तिचा जमाखर्च शेवटपर्यंत मांडावा हे बरे, आणि त्यासाठी चुन्याइतके सोयीचे द्रव्य दुसरे नाही. सिमेंट येण्यापूर्वी आपल्याकडचे किल्ले, वाडे, घाट आणि देवळे ज्याने बांधली, कोकणात आणि गोव्यात जो समुद्रातले शिंपले भाजून काढीत, ज्याच्या भट्ट्यांवरून मुंबईत चुनाभट्टी नावाची एक वस्तीच ओळखली जाते, तो हा चुना. आणि त्याच्या जन्मापासून भिंतीत विसावेपर्यंतच्या तीन क्रियांत आपल्या सूत्राचे तीन निराळे फैसले पाहायला मिळतात.

पहिली क्रिया भट्टीतली. चुनखडी, मग ती दगडाच्या रूपात असो की शिंपल्याच्या, रसायनदृष्ट्या कॅल्शियम कार्बोनेट आहे. ती भाजली की कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना मागे राहतो.

CaCO₃ → CaO + CO₂

हिशेबाला सोपे असे की, शुद्ध चुनखडीचा एक मोल म्हणजे जवळजवळ शंभर ग्रॅम, आणि त्यातून 56 ग्रॅम चुना आणि 44 ग्रॅम वायू निघतो. या शंभर ग्रॅमांसाठी सुमारे 178 किलोज्यूल उष्णता आत घ्यावी लागते, तेव्हा ΔH धन आणि तोही लहानसहान नव्हे. दुसऱ्या बाजूस, घन स्फटिकातून वायू मोकळा होत असल्याने द्रव्याची एन्ट्रॉपी दर केल्व्हिनला सुमारे 161 ज्यूलने वाढते. आता साध्या दिवशी, 25 अंश सेल्सिअसला, म्हणजे निरपेक्ष मापाने 298 केल्व्हिनला, काय होते ते पाहावे. आसमंताचा तोटा 1,78,000 भागिले 298, म्हणजे 597 च्या घरात. द्रव्याचा नफा 161. नक्त तूट 436. तीच रक्कम उष्णतेच्या नाण्यात फिरवली तर ΔG येतो +130 किलोज्यूल. चुनखडीचे डोंगर लक्षावधी वर्षे उन्हापावसात उभे आहेत आणि त्यांचा आपोआप चुना होत नाही, त्याचे कारण या एका आकड्यात आहे.

भट्टी 1,200 केल्व्हिनपर्यंत, म्हणजे 927 अंशांपर्यंत तापवली तर उष्णता तितकीच लागते आणि वायूही तितकाच सुटतो, परंतु दर बदलतो. आता आसमंताचा तोटा 1,78,000 भागिले 1,200, म्हणजे 148. नफा पूर्वीचाच 161. प्रथमच शिल्लक राहते, आणि ΔG सुमारे −15 किलोज्यूल होतो. नफा आणि तोटा नेमके जेथे जुळतात ते तापमान काढायचे तर 1,78,000 ला 161 ने भागावे. उत्तर येते सुमारे 1,110 केल्व्हिन, म्हणजे 840 अंश सेल्सिअसच्या जवळपास. प्रत्यक्ष प्रयोगात हा बिंदू 900 अंशांच्या आसपास सापडतो, आणि या साठ अंशांच्या अंतराची जबाबदारी आपल्यावर आहे, निसर्गावर नाही. कारण ΔH आणि ΔS हे आकडे आपण 25 अंशांवरचे घेतले आणि ते पुढे हजार अंशांपर्यंत तसेच राहतील असे गृहीत धरले, वस्तुतः ते थोडेथोडे बदलत जातात. कच्च्या अंदाजाला हे सूत्र उत्तम, पक्क्या नकाशाला अपुरे.

परंतु या हिशेबात आणखी एक अट आहे, आणि ती नजरेआड करणे ही विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी चूक होय. आपण सुटणारा वायू एक वातावरण दाबाचा धरला. वायूची एन्ट्रॉपी त्याच्या विरळपणावर अवलंबून असते. मोकळी जागा जितकी अधिक तितक्या मांडण्या अधिक. साध्या हवेत कार्बन डायऑक्साइड दर अडीच हजार भागांत सुमारे एकच भाग असतो. अशा मोकळ्या हवेत सुटणाऱ्या वायूला, दाटीवाटीत सुटणाऱ्याच्या तुलनेने, मोलामागे आणखी 65 ज्यूल प्रति केल्व्हिन एन्ट्रॉपी मिळते. नफा 161चा 226 झाला की जुळणीचे तापमान उतरून 520 अंशांच्या आसपास येते. म्हणून भट्टी नुसती तापली की भागत नाही, तिच्यातून हवेची ओढही चांगली असावी लागते; सुटलेला वायू दगडाभोवती कोंडून राहिला तर तोच पुढच्या वायूची वाट अडवतो. पोथीतला अंक सांगितलेल्या दाबाचा असतो, आणि भट्टीतला निकाल भट्टीतल्या दाबावर लागतो. हा भेद दाखवण्यासाठी पहिल्याला ΔG° असे डोक्यावर शून्य देऊन लिहितात आणि दुसऱ्याला नुसते ΔG. ते इवलेसे शून्य फळ्यावरून पुसले गेले की अर्धे शास्त्र पुसले जाते.

या अटीची सर्वांत नाट्यमय साक्ष सूत्र जन्मण्यापूर्वीच नोंदली गेली होती. स्कॉटलंडमध्ये जेम्स हटनने असे मत मांडले होते की पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने खडक घडतात. त्यावर आक्षेप आला की, तसे असते तर चुनखडी तापून तिचा चुना झाला असता, मग संगमरवर कोठून आला? हटनचा मित्र सर जेम्स हॉल याला वाटले की खोल जमिनीतल्या दाबाखाली वायूला सुटायला वावच मिळत नसेल. प्रयोगांनी निसर्गाची नक्कल करण्याची कल्पना हटनला पसंत नव्हती, म्हणून हॉलने मित्राच्या हयातीत, म्हणजे 1797 पर्यंत, कळ काढली. मग बंदुकीच्या नळ्यांत खडूची पूड ठासून, तोंडे पक्की बंद करून, त्या भट्टीत तापवण्यास आरंभ केला. पुष्कळ नळ्या फुटल्या. ज्या टिकल्या त्यांतून मात्र चुना न निघता संगमरवरासारखा स्फटिकमय, घट्ट दगड निघाला, आणि 1805 साली हॉलने तो वृत्तांत एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला. पुढे 1867 साली फ्रान्समध्ये आंरी दब्रेने मोजमापे करून दाखवले की बंद भांड्यात चुनखडी तापवली असता प्रत्येक तापमानाला वायूचा एक ठरावीक दाब साचतो आणि तेथे क्रिया थबकते, मग भांड्यात चुनखडी मूठभर असो की पसाभर. हा ठरावीक दाब म्हणजेच ΔG शून्य होण्याची जागा.

भट्टीवाल्याला यातले एकही अक्षर ठाऊक नसले तरी दोन चुका तो ओळखतो. दगड मोठा असेल किंवा आच कमी पडली असेल तर बाहेरचा थर भाजतो आणि गाभा चुनखडीच राहतो. असा खडा पाण्यात टाकला असता बाहेरून फुलतो, पण आत एक कठीण बी शिल्लक राहते, आणि त्या बीवर लिंबाचा रस किंवा आम्लाचा थेंब टाकला की बुडबुडे येतात, म्हणजे वायू अजून आतच आहे. आणि आच वाजवीपेक्षा फार वाढली तर चुन्याचे कण एकमेकांना चिकटून दगड घट्ट बनतो. ΔG च्या हिशेबाने त्याच्यात काही बिघडलेले नसते, परंतु पाणी आत शिरायला वाव उरत नाही, आणि असा जळका चुना गिलाव्यात गेला तर महिन्यांनी सावकाश फुगून भिंतीवर फोड आणतो.

दुसरी क्रिया चुना विझवण्याची. कळीच्या चुन्यावर पाणी शिंपडले की तो सुसकारे टाकतो, तडकतो, वाफा सोडतो आणि भुकटी होतो. ज्याने विझवत्या चुन्याच्या टाकीजवळ उभे राहून पाहिले आहे त्याला त्याची धग सांगायला नको. येथे मोलामागे सुमारे 65 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, आणि मोकळे पाणी चुन्याच्या स्फटिकात बंदिस्त होत असल्याने द्रव्याची एन्ट्रॉपी घटते, सुमारे 26 ज्यूल प्रति केल्व्हिनने. द्रव्याचे खाते तोट्यात असूनही क्रिया इतक्या जोशाने का चालते? कारण 65,000 भागिले 298, म्हणजे 218 ची जमा आसमंताच्या खात्यात पडते. 26 वजा जाऊन 192 शिल्लक. भट्टीत द्रव्याने कमावले आणि आसमंताने भरले, टाकीत आसमंताने कमावले आणि द्रव्याने भरले. तपासणीस मात्र दोन्हीकडे एकच बेरीज पाहून सही करतो. थॉमसन आणि बर्थेलो यांनी केवळ चुना विझताना पाहिला असता आणि भट्टी पाहिली नसती तर त्यांचे मत कधी ढळले नसते.

तिसरी क्रिया भिंतीतली, आणि ती सर्वांत शांत. घाणीत मळून बांधकामात घातलेला विझवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून पाणी सोडतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो; भट्टीने जे उलगडले ते भिंत पुन्हा गुंडाळते. या क्रियेचा प्रमाणित ΔG° सुमारे −73 किलोज्यूल आहे. हवेतला वायू अत्यंत विरळ असल्याने त्यातले वीसएक किलोज्यूल कमी होतात, तरी पन्नासच्या वर शिल्लक उरतेच, म्हणजे परवानगी निःसंशय मिळालेली आहे. आणि तरीही ही क्रिया महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे रेंगाळते. स्वयंस्फूर्त हा शब्द येथे वाचकाला चकवतो, कारण स्फूर्ती म्हटली की वेग आठवतो. ΔG हे फर्मान आहे. वाट मोकळी आहे की नाही एवढेच ते सांगते, स्वार किती दिवसांत पोहोचेल हे सांगत नाही. भिंतीत वायूला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते, वरचा थर कठीण झाला की आतली वाट अधिकच अरुंद होते, आणि शिवाय थोडा ओलावा नसेल तर वायू चुन्याला भिडतच नाही. पूर्ण सुकलेली भिंत आणि पाण्याने चिंब भिंत, दोन्हींत काम थंडावते. जुने गवंडी भिजवलेला चुना खड्ड्यात पाण्याखाली महिनोन्‌महिने राखून ठेवीत, कारण वरच्या पाण्याच्या थरामुळे हवा त्याच्यापर्यंत पोहोचत नसे. विड्याच्या डबीतला चुना उघडा राहिला की वर पापुद्रा धरतो आणि बोटाला खरबरीत लागतो, तो पापुद्रा म्हणजे पुन्हा जन्मलेली चुनखडीच.

गिब्जच्या निबंधाचा एक भाग 1899 साली फ्रेंचमध्ये आणणारा आंरी ल शातेलिए हा स्वतः चुना आणि सिमेंट यांच्या घट्ट होण्यावर संशोधन करून डॉक्टर झालेला गृहस्थ होता. आज एखाद्या जुन्या इमारतीची दुरुस्ती करताना चुन्याचे काम कोठवर पुरे झाले हे पाहायचे असेल तर भिंतीचा तुकडा ताजा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारतात. जेथे चुन्याची चुनखडी झाली आहे तेथे रंग येत नाही, आणि जेथे विझवलेला चुना अजून तसाच आहे तेथे तुकडा गडद गुलाबी होतो. जाड भिंतींच्या गाभ्यात, बांधणाऱ्याच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्यावरही, हा गुलाबी रंग अद्याप सापडतो.